आई-बाबांना कॅनडात बोलावताना : सुपर व्हिसा, उत्पन्नाची अट आणि आरोग्य विमा



आपल्या नाशिकमध्ये आता अशी गल्ली शोधावी लागेल, जिथलं एकही मूल परदेशात नाही. इंदिरानगर घ्या, गंगापूर रोड घ्या, नाशिकरोडच्या जुन्या कॉलन्या घ्या. मुलगा किंवा मुलगी टोरांटोकडे, आणि इथे निवृत्त आई-बाबा. मग केव्हातरी फोनवर विषय निघतो, "आता तुम्ही इकडेच या, चांगले दोन-तीन वर्षं राहा." हे बोलायला सोपं आहे. पण त्यामागे जे कागद आहेत त्यांत दोन गोष्टींवर बहुतेकांची गाडी अडते : मुलाचं उत्पन्न आणि आई-बाबांचा आरोग्य विमा. म्हणून आज फक्त कॅनडाच्या सुपर व्हिसाबद्दल पाहू, आणि त्यातही या दोन गोष्टी नीट समजून घेऊ.

सुपर व्हिसा म्हणजे नेमकं काय?

कॅनडाने हा व्हिसा डिसेंबर 2011 मध्ये सुरू केला. साध्या पर्यटक व्हिसावर गेलं तर एका वेळी साधारण सहा महिने राहता येतं. अमेरिकेच्या दहा वर्षांच्या व्हिसाचंही तेच आहे, व्हिसा दहा वर्षांचा, पण एका मुक्कामाला बहुधा सहाच महिने. सुपर व्हिसावर मात्र 4 जुलै 2022 पासून एका प्रवेशावर सलग पाच वर्षं राहता येतं. व्हिसा स्वतः दहा वर्षांपर्यंतचा मिळू शकतो आणि त्यात कितीही वेळा ये-जा करता येते.

पण हे कायमचं वास्तव्य नव्हे. आई-बाबा तिथे पाहुणेच असतात. नोकरी करता येत नाही, सरकारी दवाखान्याचं कार्ड मिळत नाही. कायमच्या वास्तव्यासाठी पालकांची वेगळी योजना आहे, पण तिथे रांग इतकी मोठी आहे की 2025 सालीसुद्धा 2020 मध्ये नाव नोंदवलेल्यांनाच बोलावणं गेलं. त्यामुळे आज ज्यांचे आई-बाबा सत्तरीला टेकलेत, त्यांच्यासाठी सुपर व्हिसा हाच व्यवहारातला रस्ता उरतो.

बोलावणारं मूल (किंवा अठरा पूर्ण झालेलं नातवंड) कॅनडाचं नागरिक किंवा तिथलं कायम रहिवासी असलं पाहिजे. नुसत्या वर्क परमिटवर किंवा शिक्षणाच्या व्हिसावर असलेल्याला बोलावता येत नाही. आणि व्हिसा आई-वडील, आजी-आजोबा यांनाच मिळतो. घरी लग्न न झालेली धाकटी बहीण असेल तर तिला या अर्जात जोडता येत नाही.

उत्पन्न : पगार किती, यापेक्षा डोकी किती हे आधी मोजा

आपल्याकडे पहिला प्रश्न असतो, "पगार किती लागतो?" याला एकच उत्तर नाही. कॅनडा सरकार दरवर्षी एक तक्ता काढतं. त्याचं नाव लो इनकम कट-ऑफ, लोक त्याला लायको म्हणतात. एवढ्या माणसांचं घर चालवायला कर कापण्याआधी निदान एवढं उत्पन्न हवं, असा तो हिशेब. माणसं वाढली की रक्कम वाढते. मुलगा टोरांटोत राहो की एखाद्या छोट्या गावात, तक्ता सगळ्यांना एकच.

जुलै 2025 च्या तक्त्याप्रमाणे वर्षाला चार माणसांसाठी 56,724 डॉलर, पाच माणसांसाठी 64,336, सहांसाठी 72,560 आणि सातांसाठी 80,784 कॅनेडियन डॉलर हवेत. त्यापुढे प्रत्येक माणसामागे 8,224 डॉलर. हा तक्ता साधारण दर उन्हाळ्यात बदलतो आणि वरच जातो. 2024 च्या तक्त्यात पाच माणसांना 61,920 पुरत होते. म्हणून अर्ज भरायच्या दिवशी कॅनडा सरकारच्या संकेतस्थळावरचाच तक्ता आणि अटी पाहायच्या, ओळखीच्यांनी गेल्या वर्षी सांगितलेला आकडा धरायचा नाही.

आता डोकी कोणाची मोजायची? इथेच खरी गंमत आहे. बोलावणारं मूल, त्याचा जोडीदार, त्यांची अवलंबून असलेली मुलं, आणि ज्यांना बोलावताय ते आई-बाबा. शिवाय पूर्वी कोणासाठी आर्थिक हमी लिहून दिली असेल आणि ती अजून चालू असेल, तर तीही माणसं. आई-बाबा अजून नाशिकलाच आहेत म्हणून त्यांना वगळून हिशेब करणारे बरेच जण भेटतात. तो हिशेब चुकतो, कारण येणारी माणसं मोजणीत धरायचीच असतात.

एक उदाहरण घेऊन फळ्यावर गणित मांडल्यासारखं मांडू. समजा, जेल रोडला राहणारे एक निवृत्त प्राथमिक शिक्षक आणि त्यांची पत्नी. मुलगी ब्रॅम्प्टनला, कायम रहिवासी. घरी ती, जावई आणि चार वर्षांचा नातू. आई-बाबा धरून झाले पाच. म्हणजे 64,336 डॉलर हवेत. मुलीचं वर्षाचं उत्पन्न 58,000. एकटीच्या बळावर ती बसत नाही. पण जोडीदाराला सहसही करता येते, आणि मग दोघांचं उत्पन्न एकत्र धरलं जातं. जावयाचे 14,000 मिळवले की 72,000 होतात. अट पूर्ण झाली.

इथे नाशिकहून बरेचदा विचारलं जातं, "मुलगा अमेरिकेत चांगला कमावतो, त्याचं उत्पन्न दाखवू का?" किंवा "धाकटी पण कॅनडातच आहे, दोघी बहिणी मिळून दाखवतील." नाही चालत. सहसही फक्त बोलावणाऱ्याच्या जोडीदाराची. भाऊ, बहीण, मित्र कोणी यात येत नाही. मुलीच्या खात्यात आपण इथून पैसे टाकले म्हणून तिचं उत्पन्न वाढलं असंही होत नाही.

आता पुढची पायरी, आणि घराघरांत खरी कुरबुर इथेच होते. जावई म्हणतो, माझे आई-वडील येवल्याला एकटेच आहेत, त्यांनाही बोलवू. व्याही-विहीण धरून माणसं झाली सात. सातांना 80,784 हवेत आणि घरात आहेत 72,000. आठ हजार सातशे चौऱ्याऐंशी डॉलर कमी. म्हणजे या घटकेला दोनांपैकी एकच जोडपं येऊ शकतं. एका जोडप्याला आधी बोलावलं, तर त्यांच्यासाठी दिलेली हमी चालू असेपर्यंत दुसऱ्यांच्या अर्जातही ती दोन डोकी धरावीत. शिवाय व्याह्यांना बोलावणारा जावईच असावा लागतो, कारण नातं आई-वडिलांचं लागतं, सासू-सासऱ्यांचं नाही. सून किंवा मुलगी त्या अर्जात सहसही करू शकते, एवढंच.

हे गणित तिकिटं काढण्याआधी, दोन्ही घरांना समोर बसवून केलेलं बरं. नंतर कळलं की "तुमचे गेले, आमचे राहिले" हे वर्षानुवर्षं ऐकावं लागतं. माझ्या मते अशा घरात आधी कोणी जावं हे वयावर आणि तब्येतीवर ठरवावं. विधवा आई एकटी असेल तर तिचा नंबर पहिला. वरच्याच घरात ती एकटी आली असती तर डोकी चारच झाली असती आणि 56,724 डॉलर पुरले असते, म्हणजे मुलीचा एकटीचा पगारही चालला असता.

उत्पन्न दाखवायचं कशाने? तिथल्या आयकर खात्याकडून दरवर्षी नोटीस ऑफ असेसमेंट येते, आपल्याकडच्या आयकर विवरणानंतर येणाऱ्या सूचनेसारखी. तिच्यात एकूण उत्पन्नाचा आकडा असतो. हा कागद सगळ्यांत वजनदार. अडचण कुठे येते, तर मूल मध्येच कॅनडात गेलेलं असतं. समजा जावई ऑगस्टमध्ये कामाला लागला, तर त्या वर्षीच्या नोटिशीत पाचच महिन्यांचा पगार दिसेल. आज पगार चांगला असला तरी कागद कमी बोलतो. अशा वेळी मालकाचं पत्र (त्यात हुद्दा, रुजू झाल्याची तारीख आणि वार्षिक पगार हवा), अलीकडच्या पगारपत्रिका आणि बँकेचं विवरण सोबत लावतात. आणि घाई नसेल तर पूर्ण वर्षाची नोटीस हातात येईपर्यंत थांबणं जास्त शहाणपणाचं.

नात्याचा पुरावा : इथे आपल्या नावांची फजिती होते

मूल आपलंच आहे हे दाखवणारा सरकारी कागद लागतो. सरळ मार्ग जन्मदाखल्याचा. पण चाळीस-पंचेचाळीस वर्षांपूर्वीच्या दाखल्यांवर मुलाचं नावच नसतं, नुसतं "पुरुष" किंवा "स्त्री" अशी नोंद. आईचं नाव असतं ते कधी माहेरचं, कधी सासरचं. आपल्याकडे लग्नात मुलीचं पहिलं नावही बदलायची पद्धत होती. त्यामुळे दाखल्यात कमल, पासपोर्टवर सुनंदा, आणि अधिकारी ओटावात बसून विचारतो की ही तीच बाई कशावरून?

शिक्षक मंडळींना शाळेचं जनरल रजिस्टर आठवेल. पण जुन्या शाळा सोडल्याच्या दाखल्यावर आईचं नाव बहुधा नसतं, म्हणून तो एकटा पुरत नाही. मुलाच्या भारतीय पासपोर्टच्या शेवटच्या पानावर आई आणि वडील दोघांची नावं असतात, तो जोड म्हणून चांगला. जन्माची नोंद जिथे झाली त्या महापालिकेत, नगरपालिकेत किंवा ग्रामपंचायतीत अर्ज करून दाखल्यात नाव घालून घ्यावं. आईच्या बदललेल्या नावासाठी विवाह प्रमाणपत्र किंवा राजपत्रातली नोंद असेल तर ती लावावी. बोलावणारी मुलगी असेल तर तिचंही नाव लग्नानंतर बदललेलं असतं, म्हणजे तिचंही विवाह प्रमाणपत्र हवं. साखळीतली एकही कडी सुटू द्यायची नाही. मराठी कागदाला इंग्रजी भाषांतर आणि भाषांतरकाराचं प्रतिज्ञापत्र लागतं. या कामाला महिने जातात, म्हणून सुरुवात इथूनच करा.

पासपोर्टची मुदतही आधी बघा. व्हिसा पासपोर्टच्या मुदतीपलीकडे जात नाही. पासपोर्टला दोनच वर्षं उरली असतील तर व्हिसाही तेवढाच मिळेल. आधी नाशिकच्या पासपोर्ट सेवा केंद्रात नूतनीकरण करून मगच अर्ज करावा.

आरोग्य विमा : अट वेगळी, गरज वेगळी

अट अशी. विमा किमान एक लाख कॅनेडियन डॉलरचा हवा. कॅनडात पाऊल ठेवल्यापासून निदान एक वर्ष चालणारा हवा. त्यात उपचार, इस्पितळात दाखल होणं, आणि वाईट प्रसंगी मायदेशी परत पाठवण्याचा खर्च, हे तिन्ही हवं. हप्ता भरलेला असावा. हप्त्याहप्त्याने भरायची सोय असेल तर पहिली रक्कम तरी भरलेली असावी. नुसता दरपत्रकाचा कागद चालत नाही.

विमा कोणाचा? पूर्वी फक्त कॅनडातल्या कंपनीचा चालायचा. 28 जानेवारी 2025 पासून बाहेरच्या देशातल्या कंपनीचाही चालतो, पण ती कंपनी कॅनडाच्या वित्तीय नियामकाच्या यादीत असली पाहिजे आणि पॉलिसी तिच्या कॅनडातल्या व्यवसायाचा भाग म्हणून दिलेली असली पाहिजे. इथेच गैरसमज होतो. "आता भारतातला विमा चालतो" असं ऐकून कोणी आपल्या ओळखीच्या एजंटकडून ज्येष्ठांची प्रवास पॉलिसी काढतात. ती बहुतेक वेळा या अटीत बसत नाही. म्हणून सर्वसाधारणपणे मुलांनीच तिथून पॉलिसी काढलेली सोयीची.

आता गरजेकडे येऊ. वरची अट पूर्ण करणारी पॉलिसीसुद्धा ऐनवेळी एक डॉलर न देणारी असू शकते, आणि याचं कारण पॉलिसीतला एकच शब्द : स्थिर.

आपल्या वयाच्या माणसांना बीपी, साखर, थायरॉइड यांपैकी काहीतरी असतंच. विमा कंपनी याला आधीपासूनचा आजार म्हणते. काही स्वस्त पॉलिसींमध्ये अशा आजारांना संरक्षणच नसतं. बाकीच्यांत असतं, पण एका अटीवर. पॉलिसी सुरू होण्याआधी ठरावीक दिवस तो आजार स्थिर असला पाहिजे. हे दिवस पॉलिसीप्रमाणे आणि वयाप्रमाणे 90, 120, 180 किंवा 365 असतात.

स्थिर म्हणजे "बरं वाटतंय" असं नव्हे. त्या काळात नवीन लक्षण नाही, नवीन औषध नाही, औषधाचा डोस बदललेला नाही, इस्पितळात भरती नाही आणि कुठली तपासणी बाकी नाही, असा त्याचा अर्थ. डोस कमी केला तरी बऱ्याच पॉलिसींत तो बदलच धरतात. "उलट तब्येत सुधारली म्हणून डॉक्टरांनी गोळी कमी केली" हे ऐकून आपल्याला आनंद होतो, विमा कंपनीला होत नाही.

आपल्या जेल रोडच्या गुरुजींचंच उदाहरण पुढे नेऊ. त्यांना बीपी आहे, सकाळी एक गोळी. पॉलिसीत 180 दिवसांची अट आहे आणि ती 10 मार्च 2026 ला सुरू होणार. मागे मोजलं तर 11 सप्टेंबर 2025 पासून काहीही बदललेलं नको. पण प्रवासाआधी एकदा दाखवून घेऊ म्हणून ते डिसेंबरात डॉक्टरांकडे गेले, आणि डॉक्टरांनी 40 मिलिग्रॅमची गोळी 80 ची केली. संपलं. त्या दिवसापासून मोजणी नव्याने सुरू. एप्रिलमध्ये ब्रॅम्प्टनला बीपीमुळे काही झालं, तर कंपनी नाशिकच्या डॉक्टरांचे कागद मागवेल आणि दावा नाकारेल. बिल मग मुलगी-जावयाच्या डोक्यावर, आणि तिथल्या अतिदक्षता विभागाचं थोड्या दिवसांचं बिलसुद्धा त्यांच्या वर्षभराच्या बचतीहून मोठं असतं.

यावर उपाय दोन. एक तर नेहमीची तपासणी आणि औषधांतले बदल प्रवासाच्या सात-आठ महिने आधीच उरकून घ्यायचे. किंवा कमी दिवसांची अट असलेली, थोडी महाग पॉलिसी घ्यायची. त्यात एक खबरदारी मात्र हवी. विम्यासाठी दिवस मोजायचे म्हणून लागणारं औषध बदलायचं टाळू नये. औषध बदलावं लागलं तर प्रवास किंवा पॉलिसीची सुरुवात पुढे ढकलावी, त्याची सोय बहुतेक कंपन्या देतात.

विमा काढताना तब्येतीची प्रश्नावली भरावी लागते, आणि ती बरेचदा मुलगा एकटाच, रात्री बसून, अंदाजाने भरतो. वडिलांची 2019 ची अँजिओग्राफी त्याला माहीतच नसते, कारण "मुलांना कशाला काळजी" म्हणून आपण सांगितलेलीच नसते! एक उत्तर चुकलं तरी कंपनी पूर्ण पॉलिसी रद्द धरू शकते. म्हणून फाइल समोर ठेवून, व्हिडिओ कॉलवर, एकेक प्रश्न दोघांनी मिळून भरा.

हप्ता कमी करायला लोक वजावट मोठी घेतात. वजावट 1,000 डॉलर म्हणजे दाव्यातले पहिले 1,000 आपल्या खिशातून. हे मला पटतं, कारण विमा मोठ्या संकटासाठी आहे. तसंही हा विमा अचानक उद्भवलेल्या आजारासाठीच असतो. रोजच्या गोळ्या, नेहमीची तपासणी, दातांची कवळी, चष्मा यांतलं काही मिळत नाही. गोळ्या डॉक्टरांच्या चिठ्ठीसह इथूनच न्याव्या लागतात. आणि आजारपणात इस्पितळात जाण्याआधी किंवा गेल्यावर लगेच पॉलिसीवरच्या मदत क्रमांकाला फोन करायचा असतो. न केल्यास भरपाई कमी होऊ शकते. तो क्रमांक फ्रिजवर चिकटवून ठेवा.

व्हिसा नाकारला तर? नकाराचं पत्र दाखवल्यावर हप्ता परत देणारी पॉलिसीच घ्यावी. वर्षाच्या आत परत यायचं ठरलं आणि एकही दावा केलेला नसेल, तर उरलेल्या महिन्यांचे पैसेही बऱ्याच पॉलिसींत मिळतात. ही दोन कलमं पैसे भरण्याआधी वाचा.

आणि पहिलं वर्ष संपलं की विमाही संपतो, मुक्काम मात्र चार वर्षं उरलेला असतो. नूतनीकरणाची तारीख कोणी आठवण करून देत नाही. दिवाळीला नाशिकला येऊन परत गेलात, तर त्या नव्या प्रवेशालाही चालू विमा लागतो.

अर्ज, तपासणी आणि विमानतळ

अर्ज कॅनडाबाहेरून, ऑनलाइन. शुल्क माणशी 100 डॉलर, बोटांचे ठसे आणि फोटोसाठी 85, नवरा-बायको एकत्र असतील तर दोघांचे मिळून 170. ऐंशी पूर्ण झालेल्यांना ठसे द्यावे लागत नाहीत. ठशांसाठी मुंबई किंवा पुणे गाठावं लागतं. वैद्यकीय तपासणीही होते, आणि ती कॅनडाने नेमलेल्या डॉक्टरांकडेच; आपल्या फॅमिली डॉक्टरांचं प्रमाणपत्र चालत नाही.

मुलीच्या निमंत्रणपत्रात घरात कोण कोण आहे, किती जण, आणि मुक्कामभर आई-बाबांचा खर्च मी करीन अशी हमी, हे स्पष्ट आणि सहीनिशी हवं. आई-बाबांच्या बाजूने "आम्ही परत येणार" हे पटवणारे कागद लावावेत : निवृत्तिवेतनाचा आदेश, घरपट्टीची पावती, सातबारा, इथे राहणारं दुसरं मूल.

टोरांटोला उतरल्यावर सीमा अधिकाऱ्याला विम्याचा छापील कागद दाखवायची तयारी ठेवा, फोनची बॅटरी ऐनवेळी संपते. आपण सुपर व्हिसावर आलो आहोत हे तोंडानेही सांगा. पासपोर्टवर मुक्कामाची तारीख लिहिली असेल तर काउंटर सोडण्याआधी वाचा. साध्या पाहुण्यासारखी सहा महिन्यांची पडली असेल, तर तिथल्या तिथे नम्रपणे विचारता येतं. घरी गेल्यावर तीच दुरुस्ती अर्ज करून, वाट पाहून करावी लागते.

निवृत्त शिक्षकांसाठी एक शेवटचं. नोव्हेंबरातला हयातीचा दाखला विसरू नका, नाहीतर पेन्शन थांबते. जाण्याआधी आपल्या बँकेत आणि कोषागारात विचारून घ्या की परदेशातून तो कसा पाठवायचा. मोबाइलवर चेहरा दाखवून होणारं जीवन प्रमाण तुमच्या खात्याला चालतं का, हे इथे असतानाच एकदा करून बघा, आणि आधारला जोडलेला मोबाइल क्रमांक तिकडे चालू राहील अशी सोय करा, कारण बँकेचा ओटीपी त्याच क्रमांकावर येतो.